वर्गाला त्रास न देणारी मुलगी

मुलींमधील अवधान-न्यूनतेचा विषय निघाला की सुशिक्षित घरांत आणि शाळांच्या शिक्षकखोल्यांत एक ठरलेले मत ऐकू येते, आणि ते मांडणाऱ्याच्या स्वरात शंकेचा लवलेशही नसतो. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे ज्या अवस्थेला सर्वत्र एडीएचडी या आद्याक्षरांनी ओळखले जाते ती, हा मुळात वांड मुलग्यांचा विकार आहे. मुली जात्याच शांत असतात. एखादी विसराळू असेल तर ती थोडी वेंधळी आहे इतकेच, अंगावर जबाबदारी पडली की सुधारेल. परीक्षेत पंचाहत्तर टक्के मिळवणाऱ्या मुलीला असे निदान चिकटवणे हास्यास्पद आहे. आणि तिशी-चाळिशीतल्या बायका आता हे निदान मागायला येतात त्या मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून. या मताला सामान्य ज्ञानाचा दर्जा मिळालेला आहे. त्यातील एकही विधान तपासणीला टिकत नाही, पण त्याची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटत नाही, कारण ज्या मुलीविषयी ते केले जाते ती मागच्या बाकावर खिडकीशी निमूट बसलेली असते आणि तिच्याकडून तक्रार येत नाही.

प्रथम अवस्थेचे स्वरूप पाहू. या अवस्थेची लक्षणे दोन गटांत मांडली जातात. एका गटात अनवधानाची नऊ लक्षणे आहेत: तपशिलातल्या चुका, लक्ष न टिकणे, समोरून बोलले तरी ऐकले नसल्यासारखे वाटणे, हाती घेतलेले काम अर्धवट सुटणे, कामाची मांडणी न जमणे, दीर्घ बौद्धिक श्रमाची टाळाटाळ, वस्तू हरवणे, बारीकशा कारणाने चित्त विचलित होणे आणि रोजच्या गोष्टी विसरणे. दुसऱ्या गटात अतिचंचलतेची व आवेगाची, म्हणजे विचारापूर्वी कृती घडण्याची, नऊ लक्षणे आहेत. मुलांच्या बाबतीत कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकून असतील, बाराव्या वर्षापूर्वी त्यांपैकी काही दिसलेली असतील, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी जाणवत असतील आणि त्यांमुळे कामात खरोखर अडथळा येत असेल, तर निदान होते. पहिल्याच गटातील लक्षणे पुरेशी असतील तर त्याला अनवधान-प्रधान प्रकार म्हणतात. या नऊ लक्षणांत धावणे नाही, मारामारी नाही, वर्गात गोंधळ घालणे नाही. तरीही ही अवस्था ओळखायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाकावर चढलेला मुलगाच येतो, याला काय म्हणावे?

या चित्राला इतिहास आहे. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये आपल्या व्याख्यानांत ज्या वीस मुलांचे वर्णन केले, त्यांत पंधरा मुलगे आणि पाच मुली होत्या, आणि त्यांचा रोख प्रामुख्याने स्वतःला आवरता न येणाऱ्या, हट्टी व आक्रमक मुलांवर होता. पुढे अनेक दशके संशोधनासाठी मुले मिळत ती दवाखान्यांतून, आणि दवाखान्यात पाठवली जात ती शिक्षकांना किंवा पालकांना असह्य झालेली मुले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने १९८० मध्ये चंचलतेविना असणारी अवधान-न्यूनता स्वतंत्रपणे मान्य केली खरी, परंतु १९८७ च्या सुधारित आवृत्तीत सगळी लक्षणे एकाच यादीत ओतून तिला जवळजवळ अडगळीत टाकले, आणि १९९४ मध्ये ती पुन्हा आपल्या जागी आली. आज वर्गात उभ्या असलेल्या अनेक शिक्षकांचे आणि दवाखान्यात बसलेल्या अनेक डॉक्टरांचे या विषयाचे ज्ञान ज्या पुस्तकांवर पोसले गेले, ती पुस्तके बव्हंशी मुलग्यांवर आधारलेली होती. त्यामुळे मुलगे आजारी ठरतात आणि मुली वेंधळ्या ठरतात, यात निसर्गाचा हात किती आणि नमुना निवडणाऱ्यांचा किती, हा प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे.

त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतूनच मिळते. दवाखान्यात आणलेल्या मुलांची गणती केली तर काही पाहण्यांत एका मुलीमागे नऊ मुलगे इतके अंतर आढळले. दवाखान्याबाहेर पडून वस्तीतल्या किंवा शाळेतल्या सर्व मुलांची पाहणी केली की हेच प्रमाण एका मुलीमागे दोन ते तीन मुलग्यांवर येते, आणि प्रौढांमध्ये ते जवळजवळ बरोबरीला पोहोचते. विकार मुलग्यांचाच असेल, तर या प्रौढ स्त्रिया कुठून उगवल्या? मुलग्यांमध्ये प्रमाण काहीसे अधिक असू शकते, एवढी सवलत विरोधकांना देता येईल. परंतु एकास नऊ आणि एकास तीन यांमधली तफावत जीवशास्त्राने निर्माण केलेली नाही. ती दवाखान्याच्या उंबरठ्यावर निर्माण झालेली आहे.

आता सर्वांत लाडका आक्षेप: गुण चांगले मिळतात, मग विकार कसला? याचे उत्तर देण्यासाठी एक मुलगी कल्पावी. ती मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे आणि तिला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळतात. चौथीपर्यंत एकच बाई, एकच वर्ग आणि लहान मजकूर असल्यामुळे तिचे निभावले. पाचवीपासून विषयागणिक शिक्षक बदलले, वह्या वाढल्या, प्रकल्प आले, आणि अडचणींना सुरुवात झाली. फळ्यावरचा मजकूर उतरवताना ती चार शब्द पाहते, वहीकडे वळेपर्यंत त्यांतले दोन निसटतात, पुन्हा वर पाहते तर ओळ सापडत नाही, आणि तिची निम्मी वही झाली तोवर फळा पुसला जातो. इथे कमी पडते ती कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातले काम होईपर्यंत माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता. दृष्टी किंवा बुद्धी नव्हे. मधल्या सुट्टीत डबा अर्धवट टाकून ती मैत्रिणीची वही घेते आणि राहिलेले उतरवते. बाईंना दिसते ती पूर्ण वही. गणिताची रीत तिला तोंडपाठ असते, पण ४७ चे ७४ होतात, हातचा राहून जातो, आणि उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावरचा प्रश्न येत असूनही पान उलटायचेच राहते. तपासणारे शिक्षक शेरा मारतात की हुशार आहे, लक्ष दिले तर आणखी पुढे जाईल. निदानाची चावी त्या शेऱ्यातच असते, आणि तो दरवर्षी उपदेश म्हणून लिहिला जातो.

हीच मुलगी घरी पाहावी. आई सांगते, दप्तर भर, डबा घासायला टाक आणि जाताना आजीच्या गोळ्या दे. दप्तर उघडल्यावर चित्रकलेची वही हाती लागते, तिच्यातले अर्धे राहिलेले चित्र दिसते, आणि अर्ध्या तासाने आई येते तेव्हा दप्तर तसेच, डबा दप्तरातच, गोळ्या कपाटात. यापुढचे संभाषण प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि त्यात सासरी कसे होणार हा प्रश्न मुलीच्या वयाचा विचार न करता येतोच. तो मुलग्याला विचारल्याचे कोणी ऐकलेले नाही. अर्ध्या तासाचा गृहपाठ अडीच तास चालतो, आणि तोही आई शेजारी बसून दर पाच मिनिटांनी बोट ठेवील तेव्हा. म्हणजे ते अठ्ठ्याहत्तर टक्के मुलीच्या अवधानाचे माप नव्हेतच. त्यांत आईचे दोन तास, मैत्रिणीची वही, बुडालेली मधली सुट्टी आणि रात्री उशिरापर्यंतची जाग मिसळलेली आहे. शाळेला गुण दिसतात, किंमत दिसत नाही; आईला किंमत दिसते, पण सगळ्याच मुलींना इतके बसवावे लागते असा तिचा समज असतो; आणि या दोन गोष्टी एका टेबलावर कधी येत नाहीत. गुणांचा दाखला देऊन विकार नाकारणाऱ्यांनी ते गुण किती जणांनी मिळून आणले, याची चौकशी कधी केली आहे काय?

अशी मुलगी तपासणीपर्यंत पोहोचली तरी हुकते, आणि कशी हुकते हे पाहण्यासारखे आहे. शिक्षकांना व पालकांना एक प्रश्नावली दिली जाते, तिच्यात प्रत्येक लक्षणापुढे कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा आणि फार वेळा असे चार पर्याय असतात, आणि मोजणीत शेवटचे दोनच धरले जातात. समजा, या मुलीच्या शिक्षिकेने नऊपैकी तीन लक्षणांपुढे बऱ्याचदा आणि उरलेल्या सहांपुढे कधीकधी अशी खूण केली. बेरीज तीन झाली, निकष सहाचा आहे, निकाल नकारार्थी. परंतु शिक्षिकेने कधीकधी हा पर्याय कशाच्या तुलनेत निवडला? तिच्या वर्गात एक मुलगा दर तासाला जागेवरून उठतो, पेन्सिली फेकतो, आणि त्याच्यासमोर या मुलीचे हरवलेले लक्ष क्षुल्लक वाटते. त्याच शिक्षिकेला गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा वही अपुरी होती, किती वेळा सूचना पुन्हा सांगावी लागली, किती वस्तू हरवल्या असे मोजून लिहायला सांगितले, तर त्या सहांतील चार-पाच खुणा पुढच्या घरात सरकू शकतात आणि बेरीज सात-आठवर जाते. मुलगी तीच, आठवडाही तोच. शिवाय मुली सरासरीने मुलग्यांपेक्षा कमी लक्षणे दाखवतात, तरी सहाचा उंबरठा दोघांना एकच आहे. आपल्या वयाच्या इतर मुलींपेक्षा ठळकपणे मागे असलेली मुलगी सर्वसाधारण मापात बसते आणि सुटते. वर्णनात सगळे तेच ठेवून मुलाऐवजी मुलीचे नाव घातले की पालक आणि शिक्षक मदत मागायला कमी उत्सुक असतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. इथे मुलीचा शांत स्वभाव कारण म्हणून पुढे करता येणार नाही, कारण कागदावरच्या त्या मुलांना स्वभावच नव्हता, फक्त नाव होते.

आणखी एक युक्तिवाद आहे, तो स्वतःला चतुर समजतो. ही मुलगी कादंबरी घेऊन तीन तास बसते, तेव्हा तिचे लक्ष कसे टिकते? अवधान-न्यूनता या नावामुळे लक्षाचा साठाच कमी आहे असे वाटते, पण बिघाड साठ्यात नसून नियंत्रणात असतो. जे रंजक आहे, नवे आहे किंवा उद्याच द्यायचे आहे त्याकडे लक्ष आपोआप ओढले जाते; जे कंटाळवाणे आहे पण आवश्यक आहे त्याकडे ते हुकमाने वळवणे आणि तिथे धरून ठेवणे जमत नाही. कादंबरीत बुडालेल्या मुलीला जेवायला चार वेळा हाक मारावी लागते, म्हणजे रंजक गोष्टीवरून लक्ष सोडवणेही तिला कठीण जाते, हा पुरावा आक्षेपाच्या बाजूचा की विरुद्ध?

मुलींमध्ये चंचलता मुळीच नसते, हेही खरे नाही. ती आतल्या बाजूला असते किंवा सभ्य रूपात बाहेर पडते: केस पिळणे, नखे कुरतडणे, अखंड बोलणे, दुसऱ्याचे वाक्य तोडणे, मनात एकाच वेळी पाच विचार पळणे. बडबडी मुलगी हे घराचे कौतुक असते, म्हणून ते लक्षण म्हणून कोणी नोंदत नाही. शिवाय वारंवार बोलणी खाल्लेली मुलगी लवकरच सावध होते. दप्तर तीनदा तपासते, चूक होईल म्हणून उत्तर देत नाही, रात्री झोप लागत नाही. मग डॉक्टरांसमोर ती येते ती चिंतेची तक्रार घेऊन, चिंतेवर उपचार सुरू होतात, आणि चिंता ज्यातून उपजली ते अनवधान तसेच राहते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करणे भाग आहे, आणि ती मान्य केल्याने विरोधकांची बाजू बळकट होत नाही. लक्ष न लागण्याची इतर कारणे असतात: अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, कमी ऐकू येणे, वाचन-लेखनातील विशिष्ट अडचण, घरातील ताण. काही मुले दहा-पंधरा सेकंद टक लावून बसतात ते तर फेफऱ्याच्या एका सौम्य प्रकारामुळे. अनवधान आणि हे फेफरे यांतला फरक ओळखता येतो. स्वप्नात हरवलेली मुलगी खांद्यावर हात ठेवला की भानावर येते. फेफऱ्यातील मूल वाक्याच्या मध्येच थांबते, हाकेला किंवा स्पर्शाला प्रतिसाद देत नाही, आणि क्षणात काही घडलेच नाही असे पुढे बोलू लागते. डॉक्टर अशा मुलाला काही मिनिटे खोल व जलद श्वास घ्यायला लावून आणि मेंदूचा विद्युत् आलेख काढून खात्री करतात. म्हणूनच रक्ततपासणी, श्रवणचाचणी आणि सविस्तर इतिहास हे निदानाचे भाग आहेत. पण हे सारे तपासायला मुलगी आधी डॉक्टरकडे गेली पाहिजे. वेंधळी म्हणून सोडून दिलेल्या मुलीचा रक्तक्षयही सापडत नाही.

उरला प्रौढ स्त्रियांचा आणि मोबाइलचा मुद्दा. प्रौढपणी निदान करतानाही लक्षणे बारा वर्षांच्या आधी होती याचा पुरावा शोधला जातो, आणि तो बहुधा जुन्या प्रगतिपुस्तकांत, आईवडिलांच्या आठवणींत आणि हरवलेल्या वस्तूंच्या घरगुती किश्शांत मिळतो. १९९० च्या प्रगतिपुस्तकावर लक्ष दिल्यास प्रगती करू शकेल असे लिहिणाऱ्या शिक्षकाच्या खिशात कोणता मोबाइल होता? २०१३ पर्यंत तर ही वयोमर्यादा सातच वर्षांची होती, त्यामुळे पाचवी-सहावीत भार वाढल्यावर ज्यांची अडचण उघड झाली अशा मुली नियमानेच बाहेर राहत. आज निदान मागणाऱ्या चाळिशीतल्या स्त्रियांमध्ये त्यांचा मोठा वाटा असणार हे उघड आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या अवस्थेतील व्यक्तिव्यक्तींमधल्या फरकाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिक आहे असा अंदाज निघतो, आणि म्हणूनच अनेक स्त्रियांना स्वतःविषयी पहिल्यांदा शंका येते ती मुलाची प्रश्नावली भरताना. ही फॅशन नव्हे. हा कुटुंबाचा वारसा उशिरा वाचला जाणे होय.

आणि घर म्हणजे तरी काय? दूध कधी संपेल, बिलाची मुदत कोणती, कोणाचा डबा, कोणाची लस, पाहुणे किती, गॅस बंद केला का, हे सर्व मनात धरून, क्रम लावून, वेळेवर सुरू करून वेळेवर संपवणे. म्हणजे या अवस्थेत नेमक्या ज्या क्षमता दुबळ्या असतात त्यांचीच अहोरात्र परीक्षा. विसराळू नवऱ्याच्या आठवणी बायको ठेवते. विसराळू बायकोच्या आठवणी कोण ठेवतो? तिच्या विसराळूपणाला आळस म्हणतात, तिच्या पसाऱ्याला संस्कारांची उणीव म्हणतात, आणि सगळे निभावण्यासाठी ती जे दुप्पट श्रम करते त्यांची गणती कुठेच नसते. मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत आणि रजोनिवृत्तीच्या आसपास लक्षणे वाढतात असे अनेक स्त्रिया सांगतात. संप्रेरकांचा मेंदूतील डोपामिनवर परिणाम होतो हे पाहता ते संभवनीय आहे, पण या दिशेचे संशोधन अद्याप तोकडे आहे, कारण अभ्यासासाठी स्त्रिया घेण्याची निकड फार काळ कोणाला वाटलीच नव्हती.

हे सगळे सौम्य आहे, वयानुसार जाते, असे म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील बर्कले येथील अभ्यास पाहावा. स्टीफन हिनशॉ यांनी सहा ते बारा वर्षांच्या १४० निदान झालेल्या मुली आणि तुलनेसाठी ८८ मुली निवडून वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला, आणि दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अनवधान आणि चंचलता दोन्ही असलेल्या मुलींपैकी सुमारे बावीस टक्के मुलींनी तोवर आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. तुलनेच्या गटात हे प्रमाण सहा टक्के होते. केवळ अनवधान असलेल्यांत ते आठ टक्के, म्हणजे तुलनेच्या गटाच्या जवळ, हे सांगितलेच पाहिजे. पण स्वतःला इजा करण्याचे प्रमाण या शांत मुलींतही सुमारे एकोणतीस टक्के होते आणि तुलनेच्या गटात एकोणीस. या मुलींना बालपणीच शोधून काढलेले होते. ज्यांना कोणी शोधलेच नाही, त्या कोणत्याही तक्त्यात नाहीत.

औषधांची भीती घालून निदानच टाळण्याची पद्धतही याच वृत्तीची. मिथाइलफेनिडेट हे औषध अनेक शाळकरी मुलांमध्ये लक्षणे कमी करते. भूक व झोप घटणे, नाडी व रक्तदाब वाढणे हे त्याचे ज्ञात परिणाम आहेत, म्हणून वजन, उंची व रक्तदाब ठरावीक काळाने तपासावे लागतात. ते द्यायचे की नाही हा निर्णय निदानानंतरचा आहे. निदानानंतर औषधाविनाही बरेच करता येते: फळ्यावरचा मजकूर छापील देणे, एका वेळी एकच सूचना देणे, मोठे काम तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्याला वेळ ठरवणे. आजार ठरवला तर औषध द्यावे लागेल म्हणून आजारच नाकारणे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

तेव्हा मुली शांत असतात म्हणून त्यांना हा विकार नसतो, या मताला आता सामान्य ज्ञान म्हणणे थांबवावे. तो वर्गाच्या सोयीचा हिशोब आहे: जे दुसऱ्यांना खुपते ते लक्षण, आणि जे फक्त मुलीलाच खुपते तो तिचा स्वभाव. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्याच लागतात. त्या लिहिताना मुलीच्या नावापुढे लक्ष दिल्यास प्रगती करील हे वाक्य येणार असेल, तर तिथेच थांबून वर सांगितलेली नऊ लक्षणे एकेक करून, दोन आठवडे मोजून, कागदावर उतरवावीत, आणि गृहपाठाला घरी किती वेळ लागतो व शेजारी कोण बसते हे तिच्या आईला विचारून त्याच कागदावर लिहावे.